चार टक्के उताराच्या शेतातून माती किती जाते, आणि बांध त्यातली किती अडवतो

सोलापूर परिसरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो कोकणासारखा सलग पडत नाही. जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा असतो आणि सप्टेंबरच्या पावसावर मात्र विसंबता येते. त्यामुळे इथे पावसाळ्यात रान मोकळे ठेवून, वरचेवर वखरून, सप्टेंबरच्या मध्यानंतर रब्बी ज्वारी पेरण्याची जुनी पद्धत आहे. अशा भागातले एक काल्पनिक पण नेहमी दिसणारे शेत घेऊ. जमीन उथळ ते मध्यम खोलीची आहे, उतार चार टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर चालत खाली गेल्यावर आपण चार मीटर खाली येतो, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी शंभर मीटर आहे. या शेतातून दरवर्षी किती माती वाहून जाते, आणि ती अडवायची तर नेमके कशावर काम करायला हवे, हे सार्वत्रिक मृदा-हानी समीकरणाच्या मदतीने पाहता येते.

त्याआधी धूप कशी होते ते थोडक्यात पाहू. सुरुवात वाहत्या पाण्यापासून होत नाही, पडत्या थेंबापासून होते. वळवाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो, ढेकळे फोडतो आणि सुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसवून वर एक घट्ट पापुद्रा तयार करतो. पापुद्रा झाला की पाणी मुरणे कमी होते आणि ते पृष्ठभागावरून पातळ थराने वाहू लागते. या टप्प्याला सालकाढी धूप म्हणतात. डोळ्यांना ती जवळजवळ दिसतच नाही. पुढे पाणी खोलगट रेषांत एकवटते आणि ओघळपाडी धूप सुरू होते. हे ओघळ पुढच्या वखरणीत बुजून जातात, म्हणून तेही विसरले जातात. ओघळ इतके खोल झाले की वखराने बुजत नाहीत, तेव्हा घळ पडते. आपले समीकरण यांपैकी पहिल्या दोन प्रकारांचाच हिशेब मांडते. घळीबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि ही मर्यादा सुरुवातीलाच लक्षात ठेवलेली बरी.

हे समीकरण अमेरिकेत तयार झाले. तिथल्या शेती खात्याचे विश्मायर आणि स्मिथ यांनी पर्ड्यू विद्यापीठात जमवलेल्या, वेगवेगळ्या केंद्रांवरच्या प्रायोगिक वाफ्यांच्या दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या नोंदींवरून ते बसवले. १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने आले आणि १९७८ मध्ये सुधारले गेले. त्याचे रूप असे आहे:

```
A = R × K × LS × C × P
```

डावीकडचे A म्हणजे एका हेक्टरमधून वर्षाला सरासरी किती टन माती निघते ते. उजवीकडे R ही पावसाची धूपशक्ती, K ही मातीची धूपप्रवणता, LS हा उताराची लांबी आणि तीव्रता यांचा एकत्रित घटक, C हा पीक व आच्छादनाचा घटक आणि P हा संधारण उपायांचा घटक आहे. मधली चिन्हे गुणाकाराची आहेत, बेरजेची नाहीत, ही या समीकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. कोणताही एक घटक निम्मा केला की संपूर्ण उत्तर निम्मे होते, मग बाकीचे घटक कितीही मोठे असोत. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती नसलेल्या पावसाची आणि मातीची भरपाई हातात असलेल्या घटकांतून करता येते.

पावसापासून सुरुवात करू. R मध्ये केवळ मिलिमीटर मोजले जात नाहीत. प्रत्येक मोठ्या पावसाची एकूण ऊर्जा आणि त्यातल्या सर्वांत जोराच्या अर्ध्या तासाची तीव्रता यांचा गुणाकार करून ते आकडे वर्षभर मिळवले जातात. याचा परिणाम किती मोठा होतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पन्नास मिलिमीटर पाऊस पाच तासांत संथपणे पडला, किंवा तोच पाऊस एका तासात पडला, तर दुसऱ्या पावसाची धूपशक्ती पहिल्याच्या सुमारे साडेसहा पट भरते. दोन्ही वेळा पाऊसमापीत पाणी तेवढेच असते. जिथे मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारे स्वयंचलित पाऊसमापक नाहीत, तिथे भारतीय केंद्रांच्या नोंदींवरून बसवलेले एक सोपे सूत्र वापरले जाते: वार्षिक पावसाच्या मिलिमीटरला ०.३६३ ने गुणायचे आणि त्यात ७९ मिळवायचे. ७०० मिलिमीटरला R सुमारे ३३३ येतो.

K ही मातीच्या अंगची गोष्ट आहे. सर्वांत लवकर सुटतात ते गाळाचे आणि अतिशय बारीक वाळूचे कण, कारण चिकणमातीसारखे ते एकमेकांना धरून राहत नाहीत आणि जाड वाळूसारखे जडही नसतात. काळ्या चिकण जमिनीचे कण घट्ट धरलेले असतात, पण ती भिजली की पाणी फारसे मुरू देत नाही, म्हणून कण सुटण्यातला फायदा वाहून जाणाऱ्या पाण्यामुळे बराचसा हातचा जातो. सेंद्रिय पदार्थ वाढले की K कमी होतो, पण ते काम वर्षानुवर्षांचे आहे. आपल्या शेतासाठी K ०.२ धरू.

इथे एका चुकीबद्दल सांगितले पाहिजे, कारण ती अहवालांत वारंवार होते. वर दिलेल्या सूत्रातला R जुन्या मेट्रिक एककांत आहे. अनेक तक्ते K आंतरराष्ट्रीय एककांत देतात. दोन्ही एकत्र वापरले तर उत्तर सुमारे दहा पटीने चुकते, कारण दोन एककपद्धतींमधला गुणक ९.८१ आहे. उघड्या, उताराच्या रानासाठी हेक्टरी तीन-चार टन किंवा हेक्टरी चारशे टन असा आकडा आला तर आधी एकके तपासावीत.

आता उतार. समीकरणाच्या पायाशी एक प्रमाणित वाफा आहे. तो २२.१३ मीटर लांब, नऊ टक्के उताराचा असतो आणि उताराच्या दिशेनेच नांगरून उघडा ठेवलेला असतो. अशा वाफ्यासाठी LS ची किंमत एक धरली जाते आणि बाकीचे उतार त्याच्याशी ताडून पाहिले जातात. तीन ते पाच टक्क्यांच्या दरम्यानच्या उतारासाठी लांबीचा घातांक ०.४ आहे. आपल्या शंभर मीटर लांबीच्या, चार टक्क्यांच्या शेतासाठी LS ०.६४ येतो. चार टक्क्यांच्या उतारावर लांबी दुप्पट झाली तर माती सुमारे ३२ टक्के जास्त जाते. तीव्रता मात्र चारवरून आठ टक्क्यांवर गेली आणि लांबी शंभर मीटरच राहिली, तर माती जवळजवळ पावणेतीन पट जाते. तीव्रतेचा भार लांबीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि साधा बांध पहिल्या दिवशी फक्त लांबी कापतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

R, K आणि LS यांचा गुणाकार केला की ३३३ × ०.२ × ०.६४३ म्हणजे सुमारे ४३ येतात. जमीन वर्षभर उघडी ठेवून उताराच्या दिशेने नांगरली, तर हेक्टरी ४३ टन माती जाईल, असा याचा अर्थ आहे. पण शेत वर्षभर उघडे नसते, म्हणून C लागतो. हा घटक बहुतेक ठिकाणी एका तक्त्यातून उचलून ‘ज्वारी’ किंवा ‘बाजरी’ या नावापुढचा आकडा म्हणून टाकला जातो. त्यामुळे त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निसटतो. C पिकाच्या नावावर अवलंबून नसतो. पावसाची धूपशक्ती ज्या आठवड्यांत येते, त्या आठवड्यांत जमीन किती झाकलेली असते, यावर तो अवलंबून असतो. प्रत्येक अवस्थेतली उघड्या जमिनीच्या तुलनेतली धूप घ्यायची, तिला त्या काळातल्या R च्या वाट्याने गुणायचे आणि सगळे मिळवायचे, असा हा हिशेब आहे.

रब्बी ज्वारीचा हिशेब असा मांडता येईल. समजा वर्षाच्या धूपशक्तीतला ७० टक्के वाटा पेरणीआधी, रान वखरून उघडे असताना येतो. तेव्हाचे प्रमाण १ धरू. पेरणीनंतरच्या रोपावस्थेत २२ टक्के वाटा येतो आणि तेव्हाचे प्रमाण ०.६ धरू. उरलेला आठ टक्के वाटा पीक उभे असताना येतो आणि तेव्हाचे प्रमाण ०.३ धरू. बेरीज ०.८६ होते. याच शेतात जूनमध्ये बाजरी आणि तूर हे आंतरपीक घेतले, तर जून-जुलैच्या ३० टक्क्यांना ०.८, ऑगस्टच्या २५ टक्क्यांना ०.४ आणि सप्टेंबरनंतरच्या ४५ टक्क्यांना ०.२ धरून C ०.४३ येतो, म्हणजे बरोबर निम्मा. वाट्यांचे हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत आणि प्रत्यक्षात ते जवळच्या केंद्राच्या नोंदींवरून काढावे लागतात, पण दिशा बदलत नाही. सप्टेंबरच्या जोरदार पावसाच्या वेळी तुरीचा पाला जमिनीवर पसरलेला असणे आणि त्याच वेळी रान नुकतेच पेरलेले असणे, यांत हा सगळा फरक आहे.

यावरून रब्बीच्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. खोल काळी जमीन पावसाळ्यात वापशावर येत नाही, तिच्यात औत चालत नाही, आणि साठवलेल्या ओलीवरच ज्वारी निघते. पण आपले शेत उथळ ते मध्यम आहे. तिथे बाजरी-तूर जमते, किंवा लवकर येणारे मूग-उडीद घेऊन त्यामागे ज्वारी पेरता येते. खोल जमिनीत रान मोकळे ठेवायचेच असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला रानात बंदिस्त वाफे पाडून पाणी जागीच मुरवणे हा हातात असलेल्या घटकांवर काम करण्याचा मार्ग आहे.

आता रब्बीच्या पद्धतीने हेक्टरी ४३ × ०.८६ म्हणजे सुमारे ३७ टन माती जाते. एक मिलिमीटर जाडीचा थर हेक्टरी साधारण १३ टन भरतो, म्हणून हे नुकसान वर्षाला सुमारे २.८ मिलिमीटर आहे. वखरलेल्या रानात इतका फरक कुणालाही दिसणार नाही, पण दहा वर्षांत तो पावणेतीन सेंटिमीटर होतो, आणि खाली फूटभरावर मुरूम असलेल्या जमिनीत त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भारतात वर्षाला हेक्टरी ११.२ टनांपर्यंतची हानी सहन करण्याजोगी मानण्याची प्रथा आहे. खरे तर उथळ जमिनीसाठी ही मर्यादा बरीच खाली धरायला हवी, कारण मुरमापासून नवी माती तयार होण्याचा वेग फार मंद असतो.

इथे बांध येतात. दोन बांधांमधली उभी उंची काढण्याचे एक रूढ सूत्र आहे: उताराच्या टक्क्यांना तीनने भागायचे, त्यात दोन मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला ०.३ ने गुणायचे. चार टक्क्यांना उत्तर बरोबर एक मीटर येते, म्हणजे जमिनीवर दर २५ मीटरला एक बांध. शंभर मीटरची लांबी पंचवीस मीटर झाली की LS ०.६४ वरून ०.३७ वर येतो. लांबी चतुर्थांश झाली, तरी माती चतुर्थांश होत नाही. ती सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होते. रब्बी पद्धतीत ३७ टनांचे २१ टन होतात. हेच बाजरी-तुरीच्या शेतात बांधांशिवाय १८ टन होते. म्हणजे या उतारावर पीकपद्धतीतला बदल एकटाच बांधबंदिस्तीपेक्षा थोडे जास्त काम करतो, आणि दोन्ही एकत्र केले तर उत्तर १०.६ टनांवर येते. शेवटी P उरतो. वखरणी, पेरणी आणि कोळपणी समतल रेषेवर केली, तर या उतारासाठी P ०.५ धरतात, आणि हानी हेक्टरी ५.३ टनांवर येते. मात्र ०.५ हा आकडा उताराची लांबी सुमारे नव्वद मीटरच्या आत असेपर्यंतच धरता येतो. त्यापलीकडे सऱ्यांतले पाणी साठत जाऊन एका जागी फुटते आणि ओघळ पडतो. त्यामुळे बांध आणि समतल पेरणी एकमेकांना सांभाळतात.

बांधामुळे येणारी घट LS मध्ये एकदा धरली की ती पुन्हा P मध्ये धरायची नाही, नाहीतर तोच फायदा दोनदा मोजला जातो. शिवाय २१ टन किंवा ५ टन हा आकडा दोन बांधांमधल्या पट्ट्यावरून सुटणाऱ्या मातीचा आहे. त्यातली बरीच माती बांधाच्या मागे अडते आणि शेताबाहेर जात नाही. पण ती पट्ट्याच्या वरच्या भागातून आलेली असते. म्हणून जुन्या बांधबंदिस्तीच्या शेतात बांधाला लागून पीक जोमाचे दिसते, आणि बांध ओलांडून खाली उतरल्यावर पहिल्या काही मीटरांत गोटे वर आलेले आणि पीक पिवळे दिसते. हळूहळू पट्टा सपाट होत जातो. हा चांगला परिणाम आहे, पण वरच्या कडेला शेणखत जास्त घालावे लागते.

बांध किती उंच असावा, हे पाण्याच्या हिशेबावरून ठरते, आणि तो हिशेब अवघड नाही. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहिला असे धरू. बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीमागे वरचे २५ चौरस मीटर क्षेत्र आहे, म्हणून १.२५ घनमीटर पाणी तिथे जमा होईल. चार टक्के उतारावर हे पाणी त्रिकोणी आकारात साठते. त्याची खोली बांधापाशी सुमारे ३२ सेंटिमीटर भरते, आणि ते मागे आठ मीटरपर्यंत पसरते. त्यावर सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी, वर थोडी मोकळी उंची आणि माती बसण्यासाठी दहा टक्के भर धरली की बांध साधारण साठ ते सत्तर सेंटिमीटर उंचीचा होतो.

यातला आठ मीटरचा आकडा महत्त्वाचा आहे. पंचवीस मीटरच्या पट्ट्यात जवळजवळ एक तृतीयांश भागात पाणी उभे राहणार आहे. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत ते दिवसभरात मुरते. खोल काळ्या जमिनीत ते दिवसेंदिवस तसेच राहते, तूर जळते आणि बांधालगतची जमीन चिबड होते. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या बांधालाच भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी भेगेतून वाट काढून बांध आतून पोखरते. म्हणून भारी काळ्या जमिनीत समपातळी बांधाऐवजी ढाळीचा बांध घालतात. त्याला लांबीच्या दिशेने ०.१ ते ०.४ टक्के इतका हलका ढाळ दिलेला असतो, म्हणजे पाणी साठत नाही आणि सावकाश बाजूला सरकत गवत लावलेल्या नाल्यात उतरते. गवत लागण्याआधीच या नाल्यात पाणी सोडले तर तिथेच घळ पडते. त्यामुळे नाला आधी तयार करायचा आणि बांध नंतर घालायचा, हा क्रम सोडू नये.

आपल्याकडे बांध फुटण्याचे सर्वांत मोठे कारण मातीपेक्षा जमिनीच्या वाटणीत आहे. भावाभावांत शेत वाटले जाते तेव्हा पट्टे बहुधा उताराला उभे पडतात, आणि बांध समतल रेषेऐवजी हद्दीवर घातला जातो. असा बांध उतरता असतो. पाणी त्याच्या कडेने धावते आणि सखल कोपऱ्यात एकवटून फुटते. फुटलेल्या बांधातून एकदम सुटलेले पाणी खालच्या शेतकऱ्याचे बांधही नेते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने कामाची आखणी एकेका शेतापुरती न ठेवता सलग क्षेत्रासाठी करण्याची वाट काढली, त्यामागे हीच अडचण होती. आजही बांध घालण्यापूर्वी लेव्हल लावून समतल रेषा मारून घ्यावी, आणि हद्दीवर बांध घालणे टाळता येत नसेल तर किमान प्रत्येक सखल जागी दगडी पिचिंग केलेला सांडवा ठेवावा. पहिल्या पावसाळ्यानंतर बांध कुठे बसला आहे, ते पाहण्यासाठी पाणी साठलेले असतानाच त्याच्या कडेने चालून जावे. पाण्याची कड जिथे बांधाच्या माथ्याजवळ येते, ती पुढची फुटण्याची जागा असते.

उतार आठ-दहा टक्क्यांच्या पुढे गेला की मातीचा साधा बांध पुरत नाही. पडीक डोंगरउतारावर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर खणून त्यांची माती खालच्या बाजूला टाकतात आणि त्या भरावावर झाडे लावतात. लागवडीच्या तीव्र उतारावर मजगी करून खाचरे पाडावी लागतात. मजगी लांबीबरोबर तीव्रताही मोडते, म्हणून कोकणातल्या भाताच्या खाचरांत इतक्या प्रचंड पावसातही माती टिकते. घळीत मात्र अनघड दगडांचे बांध लागतात. त्यांचे अंतर साधारण असे ठरवतात की खालच्या बांधाच्या सांडव्याची पातळी वरच्या बांधाच्या पायाशी यावी. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, कारण वरून येणारे पाणी आणि गाळ कमी झाला नाही, तर खालचे बांध पहिल्याच वर्षी गाळाने भरतात.

समीकरण किती ताणायचे, हेही माहीत असावे. ते अनेक वर्षांची सरासरी देते, एखाद्या वादळी दिवसाची हानी देत नाही. ज्या वाफ्यांवर ते बसवले, त्यांचे उतार साधारण तीन ते अठरा टक्क्यांचे आणि लांबी सव्वाशे मीटरच्या आतली होती, म्हणून सह्याद्रीच्या चाळीस टक्क्यांच्या कड्यावर काढलेला आकडा केवळ अंदाज समजावा. उपग्रहाच्या तीस मीटर चौकोनांच्या नकाशात पन्नास-साठ सेंटिमीटरचा बांध दिसतच नाही, त्यामुळे अशा नकाशावरून काढलेली उताराची लांबी बांधबंदिस्तीच्या शेतातही बिनबांधाचीच निघते. शेतात जाऊन तपासायचे असेल तर लोखंडी सळया जमिनीत ठोकून त्यांचा उघडा भाग दरवर्षी मोजावा, गोट्यांखाली मातीचे छोटे खांब उरले आहेत का ते पाहावे, आणि जुन्या झाडांच्या मुळांची साल जमिनीच्या किती वर उघडी पडली आहे ते मोजावे. सळई ठोकल्यापासून पाच वर्षांत दीड सेंटिमीटर अधिक उघडी पडली, तर आपले ३७ टनांचे गणित त्या शेतापुरते खऱ्याच्या जवळ आहे असे समजायला हरकत नाही.